तेविसाव्या ओळीतला पीळ

स्वेटरवर दोरीसारखा वळत वर जाणारा जो पीळ दिसतो, त्यात पिळलेलं खरं तर काहीच नसतं. धागा एकच असतो आणि तो आडवा, ओळीओळीने चालतो. फक्त ठराविक ओळीत सहा टाक्यांचा क्रम बदलायचा असतो. पहिले तीन टाके न विणता एका लहानशा तिसऱ्या सुईवर काढून घ्यायचे, ती सुई विणकामाच्या पुढे सोडायची, आधी पुढचे तीन टाके विणायचे आणि मग तिसऱ्या सुईवरचे तीन. पुढे सोडलेले तीन टाके बाकीच्या तिघांवरून डावीकडे जातात आणि पीळ डावीकडे झुकतो. तीच सुई मागे सोडली की पीळ उजवीकडे झुकतो. मधल्या सात ओळी नेहमीसारख्या, आठव्या ओळीला पुन्हा क्रमबदल. दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके ठेवले की ही सहा टाक्यांची पट्टी उठून दिसते, एवढंच.

माझी आत्या नाशिकला असते. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली आणि विणकाम मात्र चालूच राहिलं. माझी धाकटी बहीण शिकायला मँचेस्टरला गेली, तेव्हा तिच्यासाठी असा पिळाचा स्वेटर करायला आत्याने घेतला. लोकर खरी होती, म्हणजे मेंढीची. आपल्या दुकानांत लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. पुढच्या भागाला ११२ टाके, बॉर्डर १० नंबरच्या सुयांवर, अंग ८ नंबरच्या. आपल्याकडे सुयांचे हे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत, त्यामुळे नंबर लहान तशी सुई जाड. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते. मधोमध साधी पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक पीळ, उजवीकडचा उजवीकडे झुकणारा आणि डावीकडचा डावीकडे, अशी समोरासमोरची मांडणी होती.

बॉर्डर संपल्यावर ७व्या ओळीत पहिला क्रमबदल, मग १५, २३, ३१ असं चालू होतं. ६४वी ओळ संपली तेव्हा आठ क्रमबदल झाले होते. आत्याने तो भाग पलंगावर सपाट पसरला, दोन पावलं मागे सरकली आणि तिला डावीकडच्या पिळात खालून तिसऱ्या जागी काहीतरी खटकलं. तिने फोनवर फोटो काढला आणि तो लहान करून पाहिला. तिसरा क्रमबदल, म्हणजे २३व्या ओळीतला, उलट्या दिशेने झाला होता. सुई पुढे सोडायच्या ऐवजी मागे सुटली होती.

ही चूक फार वेळा होते आणि तिचं कारण हाताच्या सवयीत असतं. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे विणली जाते. त्यामुळे आधी उजवीकडचा पीळ येतो, तिथे सुई मागे सोडायची. पुढे चाळीसेक साधे टाके विणून झाल्यावर डावीकडचा पीळ येतो, तिथे सुई पुढे सोडायची. मधल्या टाक्यांत मन कुठेतरी गेलेलं असतं आणि हात मघाचीच हालचाल पुन्हा करतो. लगेच का दिसत नाही, त्यालाही कारण आहे. नुकताच झालेला क्रमबदल सुईला लागूनच गोळा झालेला असतो, तो कुठे झुकला आहे हे वर आणखी चार-सहा ओळी झाल्याशिवाय नीट उमगत नाही. तेवढ्या ओळी होईपर्यंत नजर पुढे गेलेली असते. सरळ लांब सुयांवर कापड चुणीसारखं दाटलेलं असतं. विणणाऱ्याची नजर सुईखालच्या बोटभर पट्टीवर असते, कापडावर नसते. म्हणून फोटो उपयोगी पडतो. तो लहान केला की टाके दिसेनासे होतात आणि नुसत्या रेषा उरतात.

कापड उलटं धरून काही लोक चूक शोधतात. या बाबतीत त्याचा उपयोग होत नाही. डावीकडे वळणारा पीळ खालचा वर केला तरी डावीकडेच वळतो, हे कोणताही दोरखंड हातात धरून पाहता येईल. आरशात मात्र तो बदलतो.

आता नेमकं काय बिघडलं होतं? पिळाला दोन पेड आहेत असं धरू. उजवीकडून निघालेला पेड डावीकडच्यावरून जातो. पुढच्या वेळी तो डावीकडे असतो आणि दुसरा उजवीकडे, म्हणून आता दुसऱ्याची वर यायची पाळी असते. असे आळीपाळीने वर येत गेले की दोरी दिसते. एका जागी दिशा उलटली की ज्या पेडाने खालून जायचं, तोच पुन्हा वर येतो. आणि त्याच्या पुढची वेळ बरोबर विणली, तरी पाळी त्याचीच असते, म्हणून तो तिसऱ्यांदाही वरच राहतो. आत्याच्या पिळात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागी एकच पेड सलग वर आला होता. दुसरा पेड तेवढ्या अंतरात त्याच्याखाली दडून होता. चूक एका ओळीतली, पण डोळ्यांना ती जवळजवळ तीन घरं व्यापून दिसत होती. अशा चुकीची खूण हीच. एकच पेड सलग तीनदा वर दिसला, तर मधला क्रमबदल उलटा झालेला असतो.

हे जर खरे दोरे असते, तर त्या जागी पीळ सुटलाच असता. एक दोर दुसऱ्यावर नुसता आडवा पडला असता आणि ओढल्याबरोबर वेगळा झाला असता. विणकामात तसं होत नाही, कारण पेड वेगळे नाहीतच. प्रत्येक टाका म्हणजे धाग्याचा एक फास. तो खालच्या फासातून वर आलेला असतो आणि त्याच्यातून वरचा फास गेलेला असतो. शिवाय त्याच ओळीतल्या शेजाऱ्यांशी तो त्याच धाग्याने जोडलेला असतो. कापड टिकतं ते या अडकण्यावर. टाका पुढून गेला की मागून, सुलट दिसतो की उलट, याने त्याच्या अडकण्यात काही फरक पडत नाही. आत्याच्या २३व्या ओळीतले सहाच्या सहा टाके खालीही अडकलेले होते आणि वरही. ती जागा बाकीच्या स्वेटरइतकीच मजबूत होती.

माझ्या मते चूक ठेवायची की उसवायची हे ठरवणं या एका प्रश्नापासून सुरू होतं. फास बांधलेला आहे का? सुटलेला टाका कितीही लहान असो, तो ठेवता येत नाही. त्याच्यातून वरचा फास गेलेलाच नसतो, त्यामुळे तो खालच्या फासातून निसटतो, मग खालचा त्याच्या खालच्यातून, आणि आडव्या धाग्यांची शिडी पडत जाते. मेंढीच्या लोकरीत हे हळू होतं, कारण तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात आणि ते एकमेकांना धरून ठेवतात. कधीकधी एखादा सुटलेला टाका महिनोन्‌महिने जागचा हलत नाही आणि माणसाला वाटतं, राहिला की. पहिल्या धुण्यात किंवा कोपर ताणलं गेलं की तो धावतो. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकमध्ये आणि सुतात तर तो तिथल्या तिथेच धावतो.

याच्या उलट, दोन टाके चुकून एकत्र विणले गेले तर कापडाला काही धोका नसतो, दोन्ही फास एकाच फासाने धरलेले असतात. ओळीत ११२च्या जागी १११ भरतात. वरच्या एखाद्या ओळीत कडेजवळ एक टाका वाढवला की हिशोब जुळतो. सुलटच्या जागी उलट विणला गेलेला एखादा टाका तर उसवायचीही गरज नाही. सुई त्याच्या बरोबर वर येईपर्यंत विणायचं, तेवढा एकच उभा टाका चुकीच्या जागेपर्यंत मुद्दाम सोडायचा आणि क्रोशाच्या सुईने शिडीची एकेक पायरी पुन्हा वर उचलत आणायची. उलट टाका म्हणजे मागून पाहिलेला सुलट टाकाच, म्हणून हे पाच मिनिटांत होतं.

आत्याला हे सगळं पाठ होतं. तरी तिने लगेच ‘राहू दे’ म्हटलं नाही. एकेक वाट तिने पारखून पाहिली आणि प्रत्येक वेळी काय हाती लागेल, याचा हिशोब केला.

सगळ्यात सरळ वाट म्हणजे उसवणं. २३ ते ६४ अशा ४२ ओळी, प्रत्येकी ११२ टाके, म्हणजे ४७०४ टाके. नक्षीच्या ओळीत मिनिटाला वीस टाके धरले तर चार तासांना जरा कमी. आत्याला तो वेळ फार नव्हता. तिची अडचण लोकरीची होती. विणलेला धागा फासांचा आकार धरून बसतो. उसवला की तो नागमोडी निघतो, आणि तसाच पुन्हा विणला तर टाके लहानमोठे पडतात. मेंढीच्या लोकरीवर याला चांगला उपाय आहे. तिची लडी करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, टॉवेलमध्ये दाबून टांगायची. लोकर ओली झाली की आकार सोडते आणि वाळताना सरळ होते. अ‍ॅक्रिलिकला नुसत्या पाण्याने तितका फरक पडत नाही, आणि वाफ दिली तर त्याची उभारी कायमची जाते. म्हणजे आत्याचा धागा परत मिळाला असता. पण ४२ ओळींची धुतलेली लोकर आणि वरची कोरी लोकर एकाच भागात शेजारी आली असती. भिजलेला धागा थोडा फुगतो. तो फरक पहिल्या धुण्यानंतर मिटतो, तोवर मात्र तिथे पट्टा दिसतो. हे काही उसवणं नाकारण्याचं कारण नव्हे, आणि आत्यानेही ते कारण मानलं नाही. तिने ती वाट बाजूला ठेवून पुढची पाहिली.

दुसरी वाट अर्धीच उसवायची. डाव्या पिळाचे सहा टाके तेवढे सोडायचे, ते ४१ ओळी खाली २३व्या ओळीपर्यंत नेऊन तीही ओळ सोडायची, आणि शिडीच्या आडव्या धाग्यांनी तीच पट्टी पुन्हा विणत वर यायचं. ४७०४च्या जागी फक्त २५२ टाके. कागदावर हे फार सोपं दिसतं. साध्या कापडावर सोपं असतंही. पिळावर मात्र प्रत्येक ओळीला जेवढा धागा वाट्याला आला आहे तेवढ्यातच सहा टाके बसवावे लागतात, आणि वाटेत २३, ३१, ३९, ४७, ५५, ६३ अशा सहा ओळींत टाके एकमेकांवरून ओढून न्यावे लागतात. धागा ताणला की पहिले टाके मोठे आणि शेवटचे घट्ट होतात. कमी पडलेला धागा शेजारच्या उलट टाक्यांतून ओढला जातो आणि मग तेही वाकडे होतात. हे काम जमतं, अनेकजणी सुरेख करतात. पण पट्टीच्या दोन्ही कडांना ४२ ओळींची एक विसविशीत रेघ उमटण्याची शक्यता बरीच असते, आणि ती दोन-तीन धुण्यांनंतरच बसते.

तिसरी वाट धाडसाची, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच. चुकीच्या जागी वर आलेल्या पेडाचा मधला एक टाका कात्रीने कापायचा. त्या ओळीतले त्या पेडाचे तीन टाके काळजीने मोकळे करायचे. आता तीन फास वर, तीन फास खाली, मध्ये फट. तो पेड दुसऱ्या पेडाच्या मागे सरकवायचा आणि त्याच लोकरीचा वेगळा तुकडा शिवणाच्या सुईत घालून वरच्या आणि खालच्या फासांमधून टाक्याच्याच वाटेने फिरवायचा. नीट केलं तर नवीन ओळ विणलेल्या ओळीसारखीच दिसते. कुणालाही ओळखू येत नाही की इथे कधी कात्री लागली होती.

आत्याने कात्री घेतलीही होती. मी तिला विचारलं, “आत्या, तीनच टाके तर आहेत, का थांबलीस?”

“अगं, आत्ता तिथे धागा अखंड आहे,” ती म्हणाली. “कापला की चार टोकं होतील, ती मागे लपवायची. टोक म्हणजे पुढे सुटायची जागा. दिसायला बरोबर आणि टिकायला कच्चं, असं कशाला करू मी?”

तिच्या बोलण्यात सगळं आलं. कापलेल्या धाग्याची दोन टोकं, नव्या तुकड्याची दोन. मेंढीच्या लोकरीत ती टोकं मागच्या टाक्यांत फिरवून ठेवली की वापरात घट्ट बसतात. तरीही एका अखंड, बांधलेल्या जागेचं रूपांतर चार टोकांच्या जागेत होतं. चूक तशीच राहिली तर स्वेटर टिकण्यात काहीच कमी होत नाही, दुरुस्त केली तर थोडं कमी होतं. दिसण्याचा प्रश्न आणि टिकण्याचा प्रश्न इथे एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात, आणि आत्याने टिकण्याच्या बाजूने कौल दिला.

आणखी एक युक्ती असते. त्याच लोकरीने वरच्या वर टाके भरून खोटा पेड काढायचा, म्हणजे खालची चूक झाकली जाते. ती सपाट कापडावर रंगाची चूक सुधारायला छान आहे. पिळावर ती जागा दुप्पट जाड होते आणि हाताला लागते. आत्याने तिचा विचारही केला नाही.

जागाही तिच्या बाजूने होती. हे कापड १० सेंटिमीटरला साधारण ३० ओळींचं होतं. २३ ओळी म्हणजे बॉर्डरच्या वर तीन इंच. तिथे कंबर येते, आणि डाव्या बाजूला असल्याने हात बहुतेक वेळ त्यावरच राहतो. हीच चूक गळ्याखाली, छातीच्या मधोमध असती तर तिने कदाचित वेगळं ठरवलं असतं, हे तिने स्वतःच सांगितलं. पीळ छातीवर असला की माणसाची नजर आधी तिथेच जाते.

मी तिला सुचवलं की उजवीकडच्या पिळातही त्याच उंचीवर तशीच उलट दिशा करावी, म्हणजे ते मुद्दाम केल्यासारखं दिसेल. हा सल्ला विणकाम करणाऱ्यांत बराच चालतो. आत्याने मान हलवली. उजवीकडची २३वी ओळही तेवढीच खाली होती. ती बदलायची म्हणजे जी उसवणी टाळली तीच तिथे करायची, आणि तीही एका बरोबर विणलेल्या पिळात. वर कुठे तरी दोन्ही पिळांत जोडीने पुन्हा दिशा बदलली असती, तर एका चुकीच्या तीन झाल्या असत्या. तिने काहीच केलं नाही. वहीत फक्त लिहून ठेवलं: पुढचा भाग, डावा पीळ, ओळ २३, मागे. पाठीच्या भागाला पीळ नव्हते, पण बाह्यांवर एकेक येणार होता, आणि तिथे प्रत्येक क्रमबदलाच्या आधी तिने ओळीचा आकडा मोठ्याने म्हणायची सवय लावून घेतली.

विणकामातली चूक माणसाची ओळख पटवून देते, अशी एक प्रसिद्ध जागा साहित्यात आहे. आत्याने ती वर्गात शिकवलेली आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला अरन नावाची तीन लहान बेटं आहेत. तिथल्या जीवनावर जॉन मिलिंग्टन सिंग याने लिहिलेलं ‘रायडर्स टू द सी’ हे एकांकी नाटक १९०४ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा झालं. त्यात समुद्रात बुडालेल्या भावाचा मोजा बहिणीच्या हाती येतो. मोजे साधे, बेटावर सगळ्यांचे सारखेच. ती टाके मोजते. साठ घातले होते आणि त्यातले चार सुटले होते, हे तिला आठवतं, कारण मोजा तिनेच विणलेला असतो. त्या चार टाक्यांवरून तिला कळतं की तो भाऊच होता.

पुढे या प्रसंगाला वेगळेच पाय फुटले. अरनच्या स्वेटरवर प्रत्येक घराण्याची वेगळी नक्षी असते आणि बुडालेला कोळी नक्षीवरून ओळखला जातो, अशी समजूत जगभर पसरली. स्वेटर विकणाऱ्यांनी ती आवडीने सांगितली. हाइन्झ कीवे नावाच्या लोकर विक्रेत्याने १९६७च्या पुस्तकात या नक्ष्यांना फार प्राचीन आणि धार्मिक अर्थही जोडले. रिचर्ड रट हे लेस्टरचे बिशप होते आणि स्वतः विणकाम करत. त्यांनी १९८७ साली हातविणीचा इतिहास लिहिला आणि हे दावे पुराव्याला उतरत नाहीत, असं दाखवून दिलं. पिळांनी भरलेला तो जाड अरन स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. सिंगच्या नाटकात तर स्वेटरही नाही आणि नक्षीही नाही. एक साधा मोजा आहे आणि त्यात विणणारीलाच ठाऊक असलेला उणा आकडा आहे. मला ही मूळ गोष्ट नंतरच्या समजुतीपेक्षा कितीतरी खरी वाटते. नक्षी कुणालाही नक्कल करता येते. साठातले चार कुठे गेले, हे फक्त जिने टाके घातले तिला माहीत असतं.

अंग पूर्ण झाल्यावर आत्याने ते कोमट पाण्यात भिजवलं, टॉवेलात गुंडाळून पाणी काढलं आणि मापाप्रमाणे ताणून सपाट वाळवलं. यात टाके एकसारखे होतात, कडा सरळ होतात. उलटा पीळ मात्र त्यामुळे लपत नाही, उलट थोडा जास्त स्पष्ट होतो, कारण पेड पसरतात आणि कोण कोणावर आहे हे नीट दिसतं. आत्याला हे आधीपासून माहीत होतं. धुतल्यावर बसेल, या आशेवर चूक ठेवायची नसते. काही चुका धुतल्यावर बसतात, सैल-घट्टपणाच्या. दिशेच्या चुका कधीच बसत नाहीत.

मग बाह्या सुरू झाल्या. पहिल्या बाहीची बॉर्डर १० नंबरच्या सुयांवर झाली आणि पुढे ८ नंबरच्या घ्यायच्या राहिल्या. ३० ओळी तशाच बारीक सुयांवर झाल्या. पिळाची प्रत्येक दिशा बरोबर, एकही टाका सुटलेला नाही, टाक्यांची संख्या बरोबर, कापड सुरेख दाट. पाहणाऱ्या कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नसतं. आत्याला ते बोटांना कळलं. कापड अंगाच्या भागापेक्षा कडक लागत होतं. तिने पट्टी लावून मोजलं. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके यायला हवेत तिथे जवळजवळ २५ होते. त्या हिशोबाने ५५ टाक्यांची बाही २५ सेंटिमीटरच्या जागी २२ची भरत होती. थंडीच्या देशात स्वेटर खाली दुसरा लांब बाह्यांचा कपडा घालूनच वापरतात. मनगटाच्या वर तीन सेंटिमीटर कमी म्हणजे बाही दंडाकडे सरकवताना अडकणार, आणि रोज ताणून तिथली लोकर झिजणार. दाट विणलेलं कापड ओलं करून ताणलं तर थोडं वाढतं, पण पुढच्या धुण्यात परत मूळ मापावर येतं.

यावेळी तिने कसलाही हिशोब मांडला नाही. शिवणाच्या सुईत पातळ पांढरं सूत ओवलं आणि बॉर्डरच्या शेवटच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायाखालून ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घेतलं. ४२ ओळी किंवा ३० ओळी ओढून उसवताना सगळ्यात मोठी भीती ही असते की हव्या त्या ओळीवर थांबता येत नाही आणि खालचेही टाके धावतात. हे सूत घातलं की उसवणी त्या ओळीवर आपोआप अडते आणि सगळे टाके सुतावर तयार मिळतात. मग तिने सुई काढली, धागा ओढला आणि तीसही ओळी मोकळ्या केल्या. लोकर दोन खुर्च्यांच्या पाठींवर गुंडाळून लडी केली, भिजवली, टांगली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा गुंडा केला. दुसऱ्या बाहीचे टाके घालण्याआधी १० नंबरच्या सुया डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावली: बॉर्डर झाली की लगेच बदल.

बहिणीने स्वेटर आल्यावर व्हिडिओ कॉल केला. आधी तिने बाही कोपराच्या वर सरकवून दाखवली, मग स्वेटरचा पुढचा भाग कॅमेऱ्याजवळ आणून विचारलं, “आत्या, इथे डावीकडे तू काहीतरी वेगळं केलंयस का?”

“चुकलं ते,” आत्या म्हणाली. “तेविसावी ओळ. सुई मागे गेली. तुला मोजून बघायचं असेल तर बॉर्डरच्या वरून मोज.”

बहीण मोजायला लागली.